जपून ठेवलेलं पाकीट

चौकातून डावीकडे वळलं की आधी टेलरमास्तरांच्या मशीनचा आवाज येतो आणि त्या आवाजाला खेटून औषधांचं दुकान लागतं. दुकान लहान आहे, पण आत शिरलं की डोळे निवतात. फळ्या छतापर्यंत गेलेल्या, डबे एका ओळीत, काउंटरच्या काचेवर बोटाचा एक ठसा नाही. ही स्वच्छता वहिनीची. काउंटरच्या टोकाला आरामखुर्ची टाकून बसलेले दादा हे तिचे सासरे. दुकान त्यांनीच उभं केलं. आता त्यांचे गुडघे धरले आहेत, नजर मंदावली आहे, पण गल्लीतला प्रत्येक माणूस आत येताना आधी त्यांना नमस्कार करतो आणि मग वहिनीकडे वळतो.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा औषधशास्त्राची परीक्षा पास होऊन आली होती. नवरा ट्रक घेऊन दूरदूर जायचा, त्याला या डब्यांत रस नव्हता. दुकान सुनेच्या हाती देताना दादा एवढंच म्हणाले होते, "गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ देऊ नकोस. माणूस दुखणं घेऊन येतो गं आपल्याकडे."

तिने ते मनावर घेतलं. पण घेताना तिला ठाऊक नव्हतं की या एका वाक्याशी तिचं रोज भांडण होणार आहे.

कारण दादांची एक पद्धत होती. अक्षर न येणारी माणसं औषधाचं नाव लक्षात ठेवू शकत नाहीत, म्हणून दादा सांगायचे, "गोळ्या संपल्या तरी पाकीट टाकू नका. जपून ठेवा. पुढच्या वेळी तेच दाखवा, मी बरोबर तेच देईन." रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांना ते फार सोयीचं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी दादांनी आधी पाहिलेली असायची, पाकिटाने फक्त घोटाळा टळायचा. पण सोय पसरते ती विचारून पसरत नाही. हळूहळू घराघरांत पत्र्याच्या डब्यांत, फोटोंच्या मागे, उशीखाली रिकामी पाकिटं साठली. खोकल्याचं पाकीट, तापाचं पाकीट, पोटाचं पाकीट. शेजारणी एकमेकींना उसनं पाकीट देऊ लागल्या. चिठ्ठी मागे पडली.

वहिनी ती पाकिटं हातात घ्यायची, उलटून पाहायची आणि अँटिबायोटिक असलं की हळूच परत करायची. "हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही देता येणार." गल्लीने तिचं नाव ठेवलं, नाहीबाई. तिच्या तोंडावरही म्हणायचे. "काय नाहीबाई, आज काय काय नाही?" ती हसायची. हसण्यावाचून करणार काय.

त्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज थांबला आणि टेलरमास्तर गळ्यातली टेप न काढताच दुकानात आले. खिशातून घडी घातलेलं एक रुपेरी पाकीट काढून त्यांनी काचेवर ठेवलं.

"वहिनी, आईसाठी. पुन्हा तसंच झालंय तिला. लघवीला जळजळ, अंगात कणकण. हीच द्या, लांबट पांढरी. हिने उतरतं तिचं."

मास्तरांची आई म्हणजे गल्लीचीच आजी. मास्तर शिवायचे आणि काज-बटणं आजी करायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात दोरा, आणि बोटं अशी चालायची की शाळेच्या गणवेशांचा ढीग बोलता बोलता उतरायचा.

वहिनीने पाकीट उलटलं. "मास्तर, मागे किती घेतल्या होत्या त्यांनी?"

"तीन-चार. बरं वाटलं, मग थांबलो. उगाच कशाला पोटात गोळ्या भरायच्या? त्या आधीही तसंच. उरलेल्या नंतर माझ्या घशाला कामी आल्या."

वहिनीने डोळे मिटले आणि उघडले. मग पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. "ही आज नाही देता येणार मला."

"झालं! लागली नाहीबाई कामाला."

"ऐका तर. रागावू नका. जंतू सगळे सारखे नसतात. दोन दिवस गोळी घेतली की मऊ असतात ते मरतात, आजींना बरं वाटतं. चिवट असतात ते उरतात. आपण तिथेच थांबलो की त्यांना मोकळं रान. पुढच्या वेळी तीच गोळी त्यांच्यावर चालेलच असं नाही. दोनदा झालंय असं, आता तिसऱ्यांदा होतंय. आणि ताप आलाय म्हणजे जळजळ खाली राहिली नाही, मूत्रपिंडापर्यंत गेली असेल. आधी लघवी तपासायला हवी, कुठला जंतू आहे आणि कोणत्या औषधाला दबतो ते कळायला हवं. तेही गोळी पोटात जायच्या आधी."

मास्तर दादांकडे वळले. "दादा, ऐकताय ना? तुमच्या वेळी जंतू एवढे शिकलेले नव्हते."

दादा हसले.

"डॉक्टर गावाला गेलेत," मास्तर म्हणाले, आता आवाज खाली आला होता. "सोमवारशिवाय येत नाहीत. मोठं हॉस्पिटल म्हणजे बसने जायचं, रांगेत बसायचं, अख्खा दिवस गेला. गणवेश उद्या द्यायचेत. पोरं शाळेत काय टॉवेल गुंडाळून जातील?"

"मी हॉस्पिटलात फोन करते. तिथली बाई ओळखीची आहे, आजींना जास्त ताटकळू देणार नाही." वहिनीने फळीवरून झाकणाची, सीलबंद प्लास्टिकची लहान बाटली काढली. "ही घ्या. पहिली धार सोडायची, मधली यात धरायची. लगेच घेऊन जायचं. तोवर तापाची गोळी देते, पाणी भरपूर पाजा. थंडी वाजून हुडहुडी भरली, उलट्या झाल्या किंवा त्या असंबद्ध बोलायला लागल्या, तर माझी वाट पाहू नका, गाडी करून थेट निघा."

मास्तरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "आता आईला सांगू की यात धार धर म्हणून? ती मलाच बाटलीत घालेल." पण त्यांनी बाटली खिशात टाकली. तापाची गोळीही घेतली. जाताना म्हणाले, "तुम्ही म्हणता तर बघतो." वहिनीला बरं वाटलं. फोन करून तिने आजीचं नावही लावून ठेवलं.

अँटिबायोटिकच्या कपाटाला कुलूप नव्हतं. लावायचं तिच्या मनात पुष्कळदा आलं होतं. पण ते कपाट चाळीस वर्षं दादांचं होतं, आणि त्यांच्यासमोर त्याला कुलूप घालणं म्हणजे त्यांनाच बाहेर काढून दार लावण्यासारखं झालं असतं. दुपारी ती जेवायला वर गेली की शटर अर्धं खाली असायचं आणि दादा खुर्चीत डुलक्या घ्यायचे. त्यांनी काही द्यायचं नाही, एवढंच ठरलेलं.

त्या दुपारी मास्तर अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. आईला कण्हताना त्यांना पाहवत नव्हतं. दादांच्या हातात त्यांनी पाकीट ठेवलं. दादांना अक्षरं दिसली नाहीत, पण बोटांना पाकीट कळलं. गुडघे सावरत ते उठले, कपाटापर्यंत गेले आणि चाळीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं नाही.

वहिनीला संध्याकाळीही ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचं मशीन जोरात चालू होतं. "कशा आहेत आजी?" तिने दारातून विचारलं. "उतरला ताप," मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले. तिला वाटलं, हॉस्पिटलात जाऊन आले असतील. फार विचारणं बरं नव्हे म्हणून ती आपल्या कामाला लागली.

त्यापुढच्या सकाळी मशीन वाजलंच नाही. वहिनी शटर वर करत होती तेवढ्यात मास्तर धावत आले. आजी अंथरुणात थरथर कापत होती आणि मास्तरांना त्यांच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारत होती. वहिनीने समोरच्या रिक्षावाल्याला ओढून आणलं. दोघांनी आजीला उचललं. ती फार हलकी लागली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणतं औषध दिलंय आधी?"

वहिनी म्हणाली, "फक्त तापाची गोळी."

मास्तरांनी मान खाली घातली. खिशातून त्यांनी नवं पाकीट काढलं. दोन दिवसांच्या गोळ्या त्यातून गेलेल्या होत्या. पाकिटाच्या कडेचा कात्रीचा काप वाकडा होता, नीट न दिसणाऱ्याने कापल्यासारखा. तो काप कुणाचा हे तिला विचारावं लागलं नाही.

रक्त, लघवी घेतली आणि सलाईनमधून औषध सुरू केलं. लघवीतले जंतू वाढवून पाहतात, त्या तपासणीचा निकाल दोन दिवसांनी आला तो कोरा. काहीच उगवलं नव्हतं. मास्तरांना आनंद झाला. "म्हणजे जंतू नाहीच!"

डॉक्टरीणबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आहे. तुमच्या गोळ्यांनी तो मेला नाही, नुसता दबलाय, म्हणून बाटलीत सापडत नाही. कोणत्या औषधाने जाईल हे आता मला अंदाजानेच ठरवायचंय." त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या. त्यांच्यापुढे अशा खाटा पुष्कळ होत्या.

पहिलं औषध लागू पडलं नाही. ते बदललं. वहिनी रोज दुकान बंद करून जायची, आजीच्या पायाशी बसायची. तिला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. मास्तरांवर चिडावं तर ते आईचे पाय चोळत बसलेले. घरी येऊन दादांवर चिडावं तर ते खुर्चीत तसेच, जेवणाला हात न लावलेले.

"म्हातारी कण्हत होती गं," एकदाच ते म्हणाले. "मी काय करायला हवं होतं?"

तिने त्यांचं न शिवलेलं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप दिसलं. दादांनी बोटांनी ते चाचपलं, आणि खुर्ची उचलून दाराच्या दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून मांडली.

आजी वाचली. पण घरी आली ती वेगळीच आजी. मूत्रपिंडं पूर्वीसारखी चालत नव्हती आणि हाताला कंप लागला होता. सुईत दोरा जाईना. मास्तर आता एकटेच शिवतात, बटणं बाहेर लावायला देतात.

वहिनी चौकशीला गेली तेव्हा मशीनशेजारच्या फळीवर तिला ती झाकणाची बाटली दिसली. मास्तरांनी तिच्यात शर्टाची पांढरी बटणं भरून ठेवली होती. तिने पाहिलेलं मास्तरांनी पाहिलं. 

तिने हॉस्पिटलच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या मोजून आणल्या होत्या. आजीजवळ बसून तिने सावकाश समजावलं. "आजी, बरं वाटलं तरी थांबायचं नाही. शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या. कळलं?"

"कळलं गं. न कळायला मी काय लहान आहे?" आजीने पाकीट थरथरत्या हातात घेतलं, मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केलं. मग आवाज खाली घेऊन, मास्तरांना ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "चांगलं दिसतंय हे. संपलं की जपून ठेवते हो मी. पुन्हा असं झालं तर तुला उगाच त्रास नको."

"आजी, रिकामं झालं की ते मला आणून द्या."

"तुला कशाला रिकामं? तुझं अख्खं दुकान भरलेलं आहे की!" आजी बोळक्या तोंडाने हसली, आणि पाकीट तिने उशीखाली सरकवलं. तिथे आधीची दोन-तीन होती. त्यांचा चुरचुर आवाज वहिनीला ऐकू आला.