तुलारामांचं बोट

मोहाडीच्या बाजारात तुलाराम सोनकुसरे यांची चिक्की घेण्याआधी कुणी चाखून पाहत नसे. तुकडा दोन बोटांत धरून मोडायचा. कट्‌ असा एकच आवाज आला आणि मोडलेली कड काचेसारखी सरळ निघाली, की गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नसे.

भंडारा जिल्हा तोडून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी तुलारामांनी घरातला हातमाग विकला. घेणाऱ्याने तो जळणासाठी घेतला. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने चाळिशीला आल्यावर दुसरा धंदा शिकायचा, म्हणजे कुणाकडे तरी भांडी घासावी लागतात. तुमसरच्या एका हलवायाकडे त्यांनी चार महिने ती घासली आणि पाक शिकून घेतला. मागाच्या खोलीत भट्टी आली. जमिनीतला मागाचा खड्डा बुजवला, त्यावर पत्रा मारलेलं टेबल ठेवलं. तुलाराम पाक करत, त्यांच्या पत्नी रत्नाबाई चिक्की लाटत. अशी सतरा वर्षं गेली.

कामाची वाटणी ठरलेली होती. गुळात थोडं पाणी घालून तो विरघळवायचा, गाळून खडे-काड्या काढायच्या आणि पुन्हा कढईत घालायचा. पाकाला तार सुटू लागली की आच कमी करायची, कारण तिथून पुढे तो फार लवकर चढतो. मग वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून पाहायचा. आधी त्याची मऊ गोळी होते. नंतर ती टणक होते. त्याच्याही पुढे थेंब पाण्यातच कडक होतो आणि बोटांनी मोडतो. बरेच लोक इथे कढई उतरवतात, आणि इथेच फसतात. गार पाण्यातून काढलेला थेंब मोडतो खरा, पण तोंडाच्या उबेत पुन्हा मऊ पडतो आणि दाढेला चिकटतो. म्हणून तुलाराम तो मोडलेला थेंब दाढेखाली घालत. दाताखाली चुरा झाला आणि दात मोकळे राहिले, तरच बोट वर करत. चिमूटभर सोडा, भाजून सोललेले गरम फल्लीदाणे, चार वेळा सराटा फिरवायचा आणि सगळं तेल लावलेल्या पत्र्यावर. तिथून पुढचं काम रत्नाबाईंचं. लाटायचं, गरम असतानाच सुरी मारायची, थंड झाल्याबरोबर डब्यात बंद करायचं. गूळ हवेतलं पाणी ओढतो, उघडा तुकडा संध्याकाळपर्यंत घामेजतो.

रत्नाबाई सुरुवातीला पाकाच्या रंगाकडे पाहून टेबलाला तेल लावायला घेत. तुलाराम चिडत.

"रंग पाहू नोको वं. रंग फसवते. दात पाह्य."

"माह्या दातानं काय होते? तुमचेच दात मोठे हायेत ना!"

तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, नसे तेव्हाच ते दाढेची परीक्षा घेत. भट्टीवरून उठले की पुन्हा खर्रा. ही सवय माग होता तेव्हापासूनची, तीस वर्षांची. शेवटी आजाराची खबर पाकानेच दिली. तोंडात तीन बोटं मावायची तिथे दोन मावू लागली, मग एक. एका सकाळी थेंब दाढेपर्यंत जाईना. तो त्यांनी पुढच्या दातांनी फोडला आणि बायकोला काही सांगितलं नाही. गालातली जखम रत्नाबाईंना दिसली ती आणखी पाच महिन्यांनी.

नागपूरच्या दवाखान्यात खालच्या जबड्याची डावी बाजू आणि अर्धी जीभ काढली. नंतर किरणांचे शेक दिले. त्याने चव गेली, वासही गेला. तुलाराम डिसेंबरात घरी आले ते नाकातून पोटात गेलेली नळी घेऊन. तोंडाला पंचा बांधलेला असे. बोलायचं ते सासरी गेलेल्या मुलीच्या जुन्या पाटीवर लिहीत. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "खाट भट्टीपाशी टाक."

डॉक्टरांनी रत्नाबाईंना बाजूला घेऊन मुदत सांगितली होती. तुलारामांनी ती विचारली नाही. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्यांनी पाटीवर दोनदा लिहिलं: "पाक जमल का तुले?"

"तुमी हाव ना," रत्नाबाई म्हणाल्या. "तुमी बोट दाखवा, मी उतरवतो."

असं ठरलं. रत्नाबाई थेंब पाण्यात टाकून मोडत आणि खाटेकडे पाहत. तुलाराम कढईतल्या फेसाकडे, रंगाकडे पाहत आणि उजव्या हाताचं बोट वर करत. दाढेची परीक्षा मात्र राहिली. ज्या नवऱ्याचा जबडा गेला, त्याच्यासमोर बसून आपण थेंब दाढेखाली कडकन फोडायचा, हे रत्नाबाईंच्याने होईना. थेंब बोटांनी मोडत होता. बोट वर येत होतं. तेवढं पुरेसं आहे असं त्या धरून चालल्या.

घरात शिल्लक असलेल्या पिवळ्या गुळाचे घाणे चांगले निघाले. तो रंग तुलारामांच्या ओळखीचा होता. मग संक्रांतीसाठी नवा गूळ आला. गूळ निवडायला दरवर्षी ते स्वतः जात, ढेप फोडून आतला रवा पाहत. या वर्षी व्यापाऱ्याने जो पाठवला तो घेतला. तो काळपट होता. काळपट गुळाचा पाक कच्चा असतानाच पिकल्यासारखा दिसतो.

तीन दिवसांनी बसस्टँडवरचे दुकानदार हिरालाल घरी आले. संक्रांतीची सगळी चिक्की त्यांच्याच दुकानातून जात असे. ते अंगणातच थांबले.

"वहिनी, एक सांगू? रागावू नोका."

"सांगा ना भाऊजी."

"आपले भय्याजी हायेत ना, पेन्शनवाले? तुमची चिक्की खाल्ली त्याइनं. चिक्कीसंगं कवळीच निघाली बाहेर. हातात धरून आले दुकानात. म्हने, हिरालाल, चिक्की घे, न् मोडते का पाह्य, माही कवळी मले दे."

हिरालाल हसले. रत्नाबाईही हसल्या, पण भट्टीच्या खोलीकडे पाहून लगेच थांबल्या.

"हळू बोला. आयकतीन ते."

"बाकीच्या लोकाइचंही तेच आहे, वहिनी. दाताले चिकटून राहिली. तुलारामभाऊची चिक्की अशी कधी झाली नाही. संक्रांतीले पाच दिवस उरले. मी दुसरीकडून आनू काय?"

"उद्याचा एक घाणा पाहा. मग ठरवा."

हिरालाल गेल्यावर त्या घरामागच्या मोरीपाशी गेल्या. डब्यातला तुकडा काढून त्यांनी दाढेखाली घातला. तो मोडला, आणि मग दाढेला बसला. बोटाने खरवडून काढावा लागला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच झालं. तुकड्यांचा रंग मात्र सुरेख होता. तांबूस, चकचकीत, अगदी तुलारामांच्या पाकासारखा. कुठे चुकलं ते त्यांना तिथे उभ्या उभ्याच कळलं. ते नवऱ्याला सांगायचं कसं, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक चढला. फेस वर आला, खाली बसला. रंग तांबूस झाला. तुलारामांनी बोट वर केलं.

रत्नाबाई हलल्या नाहीत. त्यांनी आच आणखी थोडी कमी केली आणि सराटा फिरवत राहिल्या.

बोट खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग तुलारामांनी पाटीच्या लाकडी चौकटीने खाटेच्या दांडीवर ठोकलं. एकदा. दोनदा.

"थांबा जरा," रत्नाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या.

तिसऱ्यांदा ठोकलं ते जोरात. कपाळावरची शीर फुगली होती. बायकोने आपला पाक जाळायला घेतलाय, असंच त्यांना वाटत असणार.

"रंग पाहू नोको, असं तुमीच सांगे ना मले? गूळ काळा आहे औंदाचा. पिकला नाही आजून."

त्यांनी पाण्यात थेंब टाकला, मोडला, आणि नवऱ्याच्या समोर दाढेखाली घातला. मग तोंड उघडून बोट आत घातलं. दाढेवरून पाकाची चिकट तार ओढत बाहेर आली. ती त्यांनी बोटावर तशीच धरून खाटेकडे वळवली.

"पाहा."

तुलारामांनी पाहिलं.

सराटा फिरत राहिला. आणखी दीड-दोन मिनिटं गेली असतील. पाकाचे बुडबुडे लहान झाले, आवाज बदलला. रत्नाबाईंनी दुसरा थेंब टाकला. पाण्यात पडताच तो तडकला. तो त्यांनी दाढेखाली फोडला आणि खोलीत तो आवाज ऐकू आला. दाताखाली चुरा, दात मोकळे. मग बोलायला वेळ नव्हता. सोडा, दाणे, सराटा, पत्रा, लाटणं, सुरी. थंड झालेल्या वडीचा कोपरा त्यांनी मोडला. कट्‌. कड काचेसारखी होती.

त्या तो तुकडा घेऊन खाटेपाशी आल्या. तुलारामांनी तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. पाटीवर लिहिलं, "बराबर हाय." जरा थांबून त्याखाली लिहिलं, "किती घाने कच्चे गेले?"

रत्नाबाई म्हणाल्या, "एकच."

पाच गेले होते. तुलारामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही ओळी हाताने पुसल्या आणि लिहिलं, "खाट आंगनात टाक. इथं धूर लागते."

धुराचं त्यांनी सतरा वर्षांत कधी नाव काढलं नव्हतं. रत्नाबाईंनी शेजाऱ्याच्या मदतीने खाट उचलून अंगणात, पेरूच्या झाडाखाली नेली. तिथून भट्टी दिसत नाही.

दुपारी हिरालाल आले, तुकडा मोडून पाहिला आणि संक्रांतीचा सगळा माल रत्नाबाईंनाच सांगून गेले. संक्रांत झाली. नंतर मोहाडी-करडीच्या बाजारांचं काम होतं, तेही रत्नाबाईंनी घेतलं. प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा त्या भट्टीच्या दारात उभ्या राहून मोडत. आवाज अंगणापर्यंत जाई. तुलाराम मान हलवत. बोट मात्र त्यांनी पुन्हा वर केलं नाही.

माघाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी रत्नाबाईंनी तुकडा मोडला. मान हलली नाही. त्यांनी डब्यातून दुसरा काढून मोडला. तुलाराम डोळे उघडे ठेवून पेरूच्या फांद्यांकडे पाहत होते. छाती वरखाली होत होती.

आत पुढच्या घाण्याचा पाक चढत होता. रत्नाबाई दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, थेंब टाकला, दाढेखाली फोडला आणि वेळेवर कढई उतरवली.

तुलाराम त्याच दिवशी चार वाजता गेले. तोवर त्या घाण्याची चिक्की डब्यात बंद झाली होती.