कवळीवालीचं दार

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि घरातल्या मागच्या खोलीत बसून ती त्यावर मेणात दात बसवायची. काम मोठं नाजूक. एक दात केसभर सरकला तरी म्हातारं माणूस महिनाभर हिरडी धरून बसतं.

आणि त्या खोलीत नवऱ्याचा अख्खा गोतावळा! नणंदेकडे घराची किल्ली. ती वाटेल तेव्हा यायची, टेबलापाशीच खुर्ची ओढून गप्पा ठोकायची. नवऱ्याचे मित्रही तसलेच. एकाने तर गरम चहाचा कप थेट मेणाच्या दातांना टेकवून ठेवला. समोरचे चार दात वाकडे झाले आणि हा बाबा म्हणतो, "वहिनी, हसतायत बघा!" चांगलं हसवलंन! तिची दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

तरी तिने आदळआपट केली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुझी माणसं आहेत. तू त्यांना कधीही भेट, तिकडे जा, मला विचारूही नकोस. माझी बाजू घेऊन कुणाशी भांडायचं नाही. माझ्यापुरतं जे आहे ते माझं मी सांगेन." आणि खरंच तिने नणंदेला आणि मित्रांना समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "पाचपर्यंत मी कामात असते, दार बंद ठेवणार. येण्याआधी फोन करा. पाचनंतर या, रविवारी या, जेवूनच जा." किल्ली परत मागितली तीही हसून. नणंदेने नाक मुरडलं, पण दिली. नवरा कचेरीतला साधा कारकून, कुणाला दुखवायचं म्हटलं की घाम फुटणारा. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिले काही रविवार माणसं आली. मग येईनाशी झाली. सासूसुद्धा. ती नवऱ्याला विचारायची, तर तो म्हणायचा, "अगं, गडबडीत असतील." ती फोन करायची, तर पलीकडून हो-नाही एवढंच. तिला वाटायचं, रुसलेत, येतील हळूहळू. वर्ष गेलं.

एका दुपारी साडेतीनला दार वाजलं. नणंद होती. फोन न करता आलेली. हातात रुमाल, रुमालात सासूची कवळी, मधोमध तुटलेली.

"चार महिने झाले," नणंद उंबऱ्यातूनच म्हणाली. "आई पेज पिऊन राहतेय. सून कवळ्या करते आणि सासू बोळकी! अगं, राग माझ्यावर होता ना? तिने काय केलं होतं?"

तिने दार पूर्ण उघडलं. "मला कुणीच सांगितलं नाही, ताई."

"दादाला तीनदा सांगितलं. म्हणाला, 'ती कवळी घेणार नाही, तिला आपल्यातलं कुणी नकोय.' माझ्या ऑपरेशनलाही आला नाही. म्हणे, 'ती सोडत नाही.'"

तिने रुमाल घेतला. नणंदेला खोलीत बसवलं. दोन्ही तुकडे जुळवले, खाली प्लास्टर ओतलं, भेगेच्या कडा घासल्या, गुलाबी मसाला भरला, तो घट्ट झाल्यावर घासून लख्ख केलं. दोन तासांचं काम. दोन तासांसाठी चार महिने! हात चालत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"ताई, पाचपर्यंत दार बंद आणि आधी फोन, एवढंच माझं होतं. आजही तेवढंच आहे. आईंना उद्या पाचला घेऊन या, कवळी बसवून बघू."

"म्हणजे दादा खोटं बोलला?"

हो म्हटलं की बहीण भावापासून तुटणार. नाही म्हटलं की ती स्वतःच चेटकीण ठरणार. "ते त्यालाच विचारा," ती म्हणाली.

"वा! आता नवऱ्यावर ढकल," म्हणून नणंद कवळी घेऊन निघून गेली.

नवरा संध्याकाळी आला. तिने सगळं सांगितलं. तो बूटसुद्धा न काढता बसून राहिला.

"मला जमत नाही ग," शेवटी म्हणाला. "ऑपरेशन, आजारपण, तो सगळा कलकलाट... जावंसंच वाटत नाही. आईची कवळी आणली असती तर मागोमाग सगळी आली असती. तुझं नाव घेतलं की ते पुढे विचारत नाहीत."

"तुला नको असेल तर नको म्हण. मी कधीच अडवणार नाही. पण नको तुझं आणि नाव माझं, हे आजपासून बंद."

"हो," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, तेच वाईट.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासू होती, बोळक्या तोंडाचा आवाज पलीकडून तिलाही ऐकू येत होता. कवळी अजून हातात धरूनच बसलेय, म्हणाली. उद्या पाचला येऊ का, असं विचारत होती.

बायको समोरच बसली होती. तोंड उघडलं नव्हतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "उद्या नको, आई. ती नको म्हणतेय."