उजवीकडं उडणारी पुंगळी

नव्वदच्या दशकात मी कॉलेजच्या छात्रसेनेत होते. गडमुडशिंगीहून सायकलनं कोल्हापूरला यायचं, परेड करायची आणि महिन्यातनं एकदा शहराबाहेरच्या टेकडीखाली रायफल चालवायला जायचं. बाकीच्या मुली त्या दिवशी न यायला काही ना काही निमित्त काढायच्या. मला आदल्या दिवसापासून झोप नसायची, इतका आनंद.

आमचे उस्ताद राधानगरीकडचे. फौजेतले हवालदार, धिप्पाड, मिशा दोन्ही बाजूंना सारख्या कातरलेल्या. पहिल्याच दिवशी मी चटईवर पालथी पडले आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. उस्ताद चटईभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "पोरी, रायफल उलटी धरलीस."

मी सांगितलं की मी डावखुरी आहे. त्यांनी रायफल माझ्या उजव्या खांद्याला लावून दिली आणि सांगितलं, सवय होईल. मी डावा डोळा मिटायचा प्रयत्न केला, पण मिटायचा तो उजवाच. शेवटी दोन्ही उघडे ठेवले आणि पाच गोळ्या झाडल्या. माझ्या निशाणावर दोनच भोकं पडली. शेजारच्या मैत्रिणीनंही पाचच झाडल्या होत्या, तिच्या निशाणावर आठ निघाली. ती फार खूश झाली. उस्तादांनी तीनदा मोजलं, मग माझ्याकडं बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "जा, लाव डाव्या खांद्याला."

खरी भानगड तिथून सुरू झाली. ती साधी एकेक गोळी भरायची रायफल. प्रत्येक गोळीनंतर मागं ओढायच्या बोल्टची मूठ उजव्या अंगाला आणि गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकीही उजवीकडंच. उजव्या हाताचा माणूस गाल बंदुकीच्या डाव्या अंगाला टेकवतो, म्हणून पुंगळी त्याच्या तोंडापासनं लांब उडते. माझा गाल उजव्या अंगाला, म्हणजे थेट खिडकीच्या शेजारी. बोल्ट मागं ओढायचा तर डावा हात घोड्याजवळनं काढून बंदुकीवरनं पलीकडं न्यायचा. तेवढ्यात डोकं हलायचं, कोपर सुटायचं, नेम जायचा. प्रत्येक गोळीला चटईवर नव्यानं संसार मांडावा लागायचा.

शिवाय पाय. पालथं पडलेल्या उजव्या माणसाचे पाय तिरपे डावीकडं जातात, माझे उजवीकडं. उजव्या हाताला झोपलेल्या मैत्रिणीचे आणि माझे बूट एकमेकांत अडकले. तिला वाटलं मी मुद्दाम लाथ मारली. तिनं परत मारली.

तिसऱ्या गोळीनंतर मी बोल्ट जोरात ओढला आणि पुंगळी माझ्या उघड्या कॉलरीतनं आत गेली. नुकतीच सुटलेली पुंगळी केवढी गरम असते ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी किंचाळले आणि कूस पालटली. रायफल हातातच होती आणि पट्टा दंडाला अडकलेला, त्यामुळं नळीही माझ्याबरोबर वळली. नळीसमोर उस्ताद उभे होते. एवढा मोठा माणूस क्षणात चिखलात आडवा झालेला मी बघितला. बोल्ट उघडा होता, आत गोळी नव्हती, म्हणून काही घडायचं नव्हतं. पण त्यांना ते कुठनं दिसणार? ते पडल्या पडल्याच ओरडले, "नळी पुढं! आधी नळी पुढं, मग नाच!"

मी नळी निशाणाकडं वळवली, रायफल खाली ठेवली आणि मग नाचले. पुंगळी शर्टाच्या खालनं पडली. बरगडीवर वाटाण्याएवढा फोड आला. उस्तादांनी कपड्यावरचा चिखल पुसत सगळ्यांना गोळा केलं आणि शांतपणे सांगितलं की पुंगळीनं कातडी भाजते, फार तर आठवडाभर दुखतं; पण ती काढायच्या नादात वळलेली नळी माणूस मारते. भाजू दे, पण नळी समोरच ठेवा.

घरी फोड दाखवल्यावर धाकट्या काकांना चेव आला. ते शिरोलीत लेथवर कामाला होते. दुसऱ्या परेडला ते माझ्याबरोबर आले आणि उस्तादांना म्हणाले, बोल्टला डाव्या अंगाला एक मूठ वेल्डिंग करून देतो, अर्ध्या तासाचं काम. उस्तादांनी त्यांना चहा दिला आणि सरकारी रायफलीला हात लावला तर दोघांचीही रवानगी कुठं होईल ते समजावलं. मग काकांनी पत्र्याचा एक आडोसा बनवला. तीन पायांचा, चटईशेजारी उभा करायचा, रायफलीला न चिकटणारा. पुंगळी त्यावर आपटून खाली पडावी असा बेत. पहिलीच पुंगळी टण्णकन आपटली, उसळली आणि मागं उस्तादांच्या चहाच्या कपात पडली. काका म्हणाले, "कोन जरा चुकला हाय." उस्तादांनी पुंगळी काढली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

पत्र्यावर मग गोणपाट शिवलं, तेव्हा पुंगळ्या मुकाट खाली पडायला लागल्या. मला रांगेत अगदी उजव्या टोकाला झोपवलं, पायांचं भांडण मिटलं. पण डावीकडच्या मुलीच्या पुंगळ्या आता माझ्या अंगावर यायला लागल्या. म्हणून कॉलर वरपर्यंत बंद, गळ्याभोवती पंचा आणि डोळ्याला काकांचा लेथवरचा चष्मा. मी नेमबाज कमी आणि मधाचं पोळं काढायला निघालेली बाई जास्त दिसायचे.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. वेळ वाचवायला मी बोल्ट उजव्या हातानं चालवायला लागले, डावा हात घोड्याजवळच ठेवून. एकदा बोल्ट बंद केला, उजव्या हातानं पुढचं लाकूड पकडलं, आणि त्याच झटक्यात डाव्या हाताचं बोटही आवळलं गेलं. गोळी निशाणाच्या पुढ्यातल्या मातीत घुसली. नळी समोर होती, कुणाला काही झालं नाही. मी बोल्ट उघडून रायफल खाली ठेवली. उस्ताद शेजारी उकिडवे बसले. रागावले नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "एक हात बोल्टवर असला की दुसऱ्याचं बोट बाहेर, सरळ, लाकडावर. नेम धरल्याशिवाय आत न्हाय." ते मी इतकं घोकलं की पुढं शिलाई मशीन चालवतानाही माझं बोट सरळ राहायचं.

दोन हजार सालानंतर मी एका छोट्या नेमबाजी क्लबात शिकवायला जायला लागले. निवृत्त झालेले उस्तादही तिथं यायचे. एकदा क्लबाला खास डावखुऱ्यांची जुनी रायफल मिळाली. मूठ डावीकडं, खिडकीही डावीकडं. मी पहिल्यांदा ती चालवली तेव्हा डोकं जागचं न हलवता पाच गोळ्या झाल्या. रडूच आलं. उस्ताद म्हणाले, बघू तरी. ते उजव्या खांद्याला लावून पडले. गोळी सुटली, उजवा हात मूठ शोधत हवेत दोनदा मिटला. मग वरनं पलीकडं हात घालून त्यांनी बोल्ट ओढला आणि पुंगळी टपकन मिशीवर बसली. त्यांनी नळी जागची हलवली नाही. रायफल सावकाश ठेवली, हात काढला, मग मिशी झटकली.

"कसं वाटतंय, उस्ताद?" मी विचारलं.

"तुझी माफी मागायला पायजे की गं," ते म्हणाले. मिशीचा एक कोपरा महिनाभर आखूड राहिला.

शिकाऊ मुलांसाठी पुढं एक छर्ऱ्याची बंदूक आली. गाल टेकायची जागा दोन्हीकडनं सारखी, सुरक्षेचा खटका मधोमध, कुठल्याही अंगठ्याला पोचणारा. छर्रा हवेच्या दाबानं सुटतो, म्हणून पुंगळीचा तर प्रश्नच नाही. तिच्याबद्दल कुणी एकदाही तक्रार केली नाही, त्यामुळं तिच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

गंमत डावखुऱ्या रायफलीचीच झाली. उजव्या रायफलींना लांब रांग असायची आणि हिला दोघंतिघंच. महिनाभरात क्लबातले अकरा जण डावखुरे असल्याचं उघडकीला आलं. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, ज्यांनी उजव्या हातानं माझी दाढ काढली होती. मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "दाढ उजव्या हातानं, पण मनानं मी डावराच."

मी त्यांना रांगेत परत पाठवलं. ते उजव्या हातानं टाटा करत गेले.