एकशे आठपर्यंत मोजणारी

सत्यशीला सातवीत मी शिकवायचे त्या वर्गात होती, तेव्हाही तिला मोजायची सवय होती. खिडकीचे गज, फळ्यावरच्या रेघा, प्रार्थनेला कोण कितीदा खोकलं, सगळं ती ओठ न हलवता मोजायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, बाई." कारण कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता ती वाघोलीत अंगणवाडी सेविका आहे. बावीस वर्षं झाली. पूर्वी अंगणवाडीच्या मागे ज्वारी असायची, आता अठरा मजले आहेत. सत्यशीलाच्या चपला मात्र अजून शेतातल्या वाटेनेच आल्यासारख्या दिसतात. वजनकाटा खांद्याला, फोन कमरेला, आणि बोलणं हळू. घरात कोणी झोपलंय असं समजून बोलावं तसं.

दोन वर्षांपूर्वी, पौषात, ती हिंदुरावांच्या घरी नातवाचं वजन करायला गेली. हिंदुरावांनी जमीन बिल्डरला दिली होती. बांधावरचा म्हसोबा उचलून नव्या बंगल्याच्या कंपाउंडात बसवला होता. नातू समर्थ, सात महिन्यांचा. दुपारची वेळ होती, तरी ओसरीवर सात-आठ बायका गप्प बसलेल्या होत्या. आणखी काही चपला न वाजवता येत होत्या, हात जोडत होत्या. कोणीतरी गेलंय, असंच सत्यशीलाला आधी वाटलं.

मग पाळण्यातलं बाळ जागं झालं.

त्याने डोळे उघडले आणि ते वाकलं. मान पुढे, पोट आवळलेलं, दोन्ही हात एकदम पसरले आणि पुढे आले. क्षणभर तसंच, मग सैल. पाच-सहा सेकंद गेले. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी ओसरीवरच्या बायका त्याच्यासोबत किंचित वाकत होत्या. पाळण्याशी बसलेली आजी, विजयमाला, तुळशीच्या माळेचा एकेक मणी पुढे सरकवत होती. चौदाव्या मण्यानंतर बाळ रडलं. कोणी त्याला उचललं नाही.

"म्हसोबाला नमस्कार घालतंय," विजयमालाबाई कुजबुजल्या. "जागा हलवली ना आम्ही त्याची. लेकरू माफी मागतंय."

सत्यशीलाने वजनकाटा खाली ठेवला. तिचे ओठ हलत नव्हते, पण तिनेही चौदा मोजले होते.

बाळाची आई तेजस्विनी खराडीच्या एका कंपनीत नोकरीला. ती दारात उभी होती, आत यायला बिचकत. तिला पाळण्याजवळ बसायची मनाई होती. कोणीतरी सांगितलं होतं, मागच्या जन्मीचं काहीतरी आईच्या पदरात आहे, ते फिटेपर्यंत तिची सावली नको. सासूने ते वाईटपणाने केलं नव्हतं. सुनेला रोज बदामाचं दूध तीच देत होती.

"कधीपासून?" सत्यशीलाने विचारलं.

"सोळा दिवस," तेजस्विनी म्हणाली. "मी व्हिडिओ काढला होता, आईंनी डिलीट करायला लावला. देवाचा व्हिडिओ काढायचा नाही म्हणाल्या."

"हसतो का तुला बघून?"

तेजस्विनीने पाळण्याकडे पाहिलं. "आधी हसायचा. आता माझ्या पलीकडे बघतो. मागे कोणीतरी उभं असल्यासारखं."

रंगनाथ भगताने मनगटात गंडा बांधला होता आणि अंगारा दिला होता. बाळाच्या टाळूला तेलात कालवून जाड थापलेला. अमावस्येपर्यंत धुवायचा नाही, डॉक्टरची सुई लावायची नाही. एका दिवसात नमस्कार एकशे आठ झाले की देव मोकळा करेल. अमावस्या नऊ दिवसांवर होती. आकडा रोज वाढत होता आणि घर आनंदात होतं.

एकशे आठ ऐकल्यावर सत्यशीला भिंतीला टेकली. तेजस्विनीने पाणी आणून दिलं.

ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, तुमच्या देवाला मी काही म्हणत नाही. एकच करा. उद्या पाळण्याचं तोंड म्हसोबाकडून दुसरीकडे फिरवा. बाळ देवाला वाकत असेल तर देवाकडे तोंड करील."

विजयमालाबाई कबूल झाल्या. म्हाताऱ्या माणसाला आपल्या देवाची परीक्षा झालेली आवडते, पास होणार याची खात्री असेल तर.

दुसऱ्या दिवशी पाळण्याचं तोंड मागच्या कोऱ्या भिंतीकडे केलं. बाळ झोपलं. ओसरीवर तेवढ्याच बायका होत्या, पंखाही बंद होता. बाळ जागं झालं आणि त्या पांढऱ्या भिंतीला वाकलं. एक, दोन, तीन. एकोणीस वेळा. भिंतीवर काहीच नव्हतं, खिळासुद्धा नाही.

मग एक बाई पुटपुटली, "या भिंतीमागंच म्हसोबाची जुनी जागा हाय."

खरंच होती. भिंतीपलीकडे टॉवर, टॉवरच्या पार्किंगखाली तो बांध. बायकांचे हात आपोआप जोडले गेले. विजयमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्यशीलाचा डाव तिच्यावरच उलटला होता.

ती मला नंतर म्हणाली, "बाई, मी तुमच्यासारखं समजावायला गेले होते. पुरावा दिला की माणूस मानतो असं. घाबरलेलं माणूस पुराव्यातूनसुद्धा भीतीच काढतं."

त्या संध्याकाळी ती पुन्हा गेली, एकटी, काटा न घेता. विजयमालाबाई माळ घेऊन पाळण्याशी होत्या. त्या दिवसाचा आकडा एक्काहत्तर झाला होता.

"आई, मला एक सांगायचंय. ऐकून मग हाकला."

"तुला कोन हाकलतंय. बस."

"माझा धाकटा भाऊ आनंद. तो असाच वाकायचा. झोपेतून उठलं की. मी आठ वर्षांची होते. आमच्याकडेही लोक यायचे, नारळ ठेवायचे. माझ्या शाळेतल्या बाईसुद्धा आल्या होत्या, हात जोडून गेल्या."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. मी गेले होते. नारळ नव्हता नेला, पण हात जोडले होते.

"आम्हालाही एकशे आठच सांगितले होते. मोजायचं काम माझ्याकडे. आई, मी देवाकडे मागायचे, आज जास्त वाक रे आनंदा. तो थकून झोपला की मी त्याला हलवून उठवायचे, अजून आठ-दहा होतील म्हणून."

विजयमालाबाईंचा अंगठा मण्यावर थांबला.

"एक दिवस एकशे आठ झाले. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली तर त्याने मान वळवली नाही. परवापर्यंत वळवायचा. पुन्हा कधी वळवली नाही. एकोणीस वर्षं जगला. आईला ओळखलं नाही त्याने. प्रशिक्षणाला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर व्हिडिओ दाखवला. दुसरंच बाळ होतं, दुसऱ्या राज्यातलं. माझ्या आनंदसारखंच वाकत होतं. तिथे कुठला आमचा देव? ही मेंदूतली फिट असते. दिसते नमस्कारासारखी. आकडा वाढतो म्हणजे देव जवळ येत नाही, आजार वाढतो. जितके दिवस जातील तितकं बाळ मागे जातं."

बाहेर टॉवरमधले दिवे एकेक लागत होते.

"तुमची माळ ओढायचा ना समर्थ?" सत्यशीलाने विचारलं.

"वढायचा. दोनदा तोडली."

"आता?"

त्यांनी माळ बाळाच्या डोळ्यांपुढे धरली. हलवली. बाळ जागं होतं. ते मण्यांच्या आरपार बघत राहिलं. त्यांनी माळ आणखी जवळ नेली, नाकाला लागेल इतकी. मग बाळ वाकलं. माळेला नाही, देवाला नाही. त्याचं कपाळ आजीच्या मुठीवर आपटलं.

तो मणी त्यांनी सरकवला नाही.

"अंगारा धुतला तर काय व्हईल?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माज्या हातानं धुतला आन् काय झालं तर?"

"धुवावाच लागेल. डोक्याला बारीक तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढतात, तेलावर चिकटत नाहीत. पाप लागलं तर माझ्या नावावर. गंडा राहू द्या मनगटात. औषधाचं आणि गंड्याचं भांडण नाही. भांडण फक्त अमावस्येपर्यंत थांबण्याशी आहे."

"आन् हिची सावली?" त्यांनी दाराकडे पाहिलं. सून तिथेच होती.

"जन्माला आला तेव्हा रडला का लगेच?"

"नाही," तेजस्विनी म्हणाली. "चार दिवस काचेत होता."

"मग कारण बहुतेक तिथे आहे. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल. ते डॉक्टर तपासतील. मागच्या जन्मात कोणी शोधायला जाणार नाही."

सकाळी विजयमालाबाईंनी पाणी तापवलं. शिकेकाई नको, साबण घ्या, सत्यशीलाने फोनवर सांगितलं होतं. काळं पाणी मोरीतून वाहत गेलं. त्या प्रत्येक तांब्याला थांबून बाळाकडे बघत होत्या, काही होतंय का. तिसऱ्या तांब्यानंतर त्यांनी तांब्या सुनेच्या हातात दिला. "तू घाल. तुज्या हातून बरं."

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तेजस्विनीने नव्याने काढलेला व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्याच दिवशी आलेख काढायला पाठवलं. बाळाला आधी जागं ठेवायचं, मग तारा लावून झोपवायचं. आलेखावर रेषा नव्हत्या, नुसता गोंधळ. रंगनाथ भगताची आठवण कोणी काढली नाही. गंडा डॉक्टरांनी पाहिला, थोडा सैल केला, ठेवला.

औषध स्टेरॉइडचं होतं. रक्तदाब बघायचा, सर्दी-तापाच्या माणसापासून लांब ठेवायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही. बाळाचा चेहरा फुगला, ते चिडचिडं झालं, भूक वाढली. ओसरीवरच्या बायका म्हणू लागल्या, देव कोपला, बघा सुजवलं. सत्यशीलाने हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून विजयमालाबाई म्हणाल्या, "सुजलंय औशदानं. डॉक्टरनी सांगितलंय. तुमी घरी जा, सर्दी झालीय तुमाला."

माळ मात्र चालू होती. आकडा सत्यशीलाला फोनवर कळायचा. बावन्न. तीस. अकरा. अमावस्येला चार.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी ती गेली तेव्हा ओसरीवर कोणी नव्हतं. विजयमालाबाई पाळण्याशी, माळ हातात, पहिल्या मण्यावर अंगठा. बाळाने डोळे उघडले. दोघी थांबल्या. पाळण्याची कडी हलत होती, तीही थांबली. पाच सेकंद गेले, दहा गेले. सत्यशीला सांगते, त्या शांततेत तिला इतकी भीती वाटली की पळून जावं. वाकण्याची सवय झालेल्या घरात न वाकणंच परकं वाटत होतं.

बाळ पडून राहिलं. नुसतं पडून. खूप वेळाने त्याची नजर हलली आणि माळेच्या गोंड्यावर आली.

"आज कोनालाच न्हाई वाकला," विजयमालाबाई म्हणाल्या.

पुन्हा आलेख काढला, तो बराच सुधारला होता. समर्थ आता अडीच वर्षांचा आहे. भिंतीला धरून चालतो. सहा शब्द बोलतो, त्यातला एक "आई". आठवड्यातून दोनदा व्यायामाला नेतात. डॉक्टर सांगतात, मागे राहील थोडा, पण पुढे जात राहील. सोळा दिवस आधी आला असता तर, हे ते बोलत नाहीत. तेजस्विनीनेही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी अंगणवाडीत गेले होते. प्रार्थना संपली. बावीस मुलांनी डोळे मिटून, हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला. पोरांचा नमस्कार इतका गोड असतो की मी बघतच राहिले.

सत्यशीला बघत नव्हती. ओठ न हलवता मोजत होती. एक. मग ती थांबली, आणि कोणी दुसऱ्यांदा वाकत नाही ना, हे बावीस डोक्यांवरून नजर फिरवून पाहिलं. तेव्हा कुठे तिने खिचडीचं झाकण काढलं.