पावडरचे तीन चमचे

काटेबाईंना कुणी "आता पुरे करा" म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. नवरा गेल्यावर वजनकाटे दुरुस्तीचा गाळा बंद करा, असं सांगायला अर्धं भावकीतलं गोत जमलं होतं. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच शटर वर केलं. त्यानंतर तीस वर्षं बाजारातला एकही काटा त्यांच्या हातातून गेल्याशिवाय खरा मानला गेला नाही.

सत्तरी ओलांडल्यावर त्या स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. अडीच महिन्यांत बावन्न किलोंच्या त्रेचाळीस झाल्या. दंडाचं कातडं लोंबू लागलं आणि खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागायचा. मुक्काम अर्थात मुलाकडे.

"आई, गाळा त्या मोबाइलवाल्याला देऊन टाकू. तू आता काय उभी राहणार तिथे?" मुलगा म्हणाला.

"राहीन. पैज लाव," बाई म्हणाल्या.

पैज अशी ठरली: दोन महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. तिथे बाईंनी हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठून दाखवायचं आणि वजनही वर गेलेलं असायला हवं. नाहीतर गाळ्यावर पाणी सोडायचं.

मुलानं शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं पौष्टिक पेयाच्या पावडरचा डबा आणला. व्हॅनिलाचा वास, वर हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो. बाईंना मधुमेह जुनाच, रोजची गोळी चालू. त्यांनी पेलाभर घेतलं आणि दोन तासांनी बोटाला सुई टोचली, तर साखर तीनशे दहा! घरात हलकल्लोळ. मुलाचे वडील मधुमेहानंच गेले होते. तो आकडा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डबा बंद झाला. वर सुनेनं भीतीपोटी ताटातलंही अर्धं काढून घेतलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. आठवड्यात बाईंना पाण्याची भरलेली किटली उचलेना.

"मला त्या आहारवाल्या पोरीकडे नेतेस, की एकटी वॉकर घेऊन जाऊ?" त्यांनी सुनेला विचारलं. एकट्या गेल्याही असत्या, हे सुनेला माहीत होतं. नेलं.

हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ जेमतेम तिशीची. तिनं डब्यामागचा बारीक मजकूर वाचला. "आजी, ह्यात साखर तर आहेच, पण तिच्याशिवाय माल्टोडेक्स्ट्रिनही आहे. गोड लागत नाही, पण रक्तात साखरेसारखंच झटकन चढतं."

"म्हणजे बंदच ना?" सून म्हणाली.

"मुळीच नाही. ज्यांचं जेवण व्यवस्थित चाललंय, त्यांना हे लागत नाही. ह्यांचं नऊ किलो वजन उतरलंय, ऑपरेशन झालंय, दोन घासांवर पोट भरतंय. ह्यांनाच लागतं. आत्ता ह्यांना साखरेइतकाच उपासाचा धोका आहे." तिनं मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिले, ते चांगले होते. मग मधुमेहींसाठीचं पेय लिहून दिलं. त्यात कर्बोदकं हळू पचणारी, तंतू जास्त, प्रथिनं भरपूर. दिवसातून दोनदा, जेवणाऐवजी नव्हे, दोन जेवणांच्या मधे. गटागटा नाही, अर्धा तास घोट घोट.

बाईंनी ते मनापासून घेतलं. चव खडू कालवल्यासारखी, पण नाक मुरडलं नाही. साखर ताब्यात राहिली. मुलगा खूश, सून खूश. तीन आठवड्यांनी वजन केलं तर बेचाळीस किलो आठशे ग्रॅम.

"अंगीच लागत नाही गं," मुलगा स्वयंपाकघरात बायकोला हळूच म्हणाला, "वय झालं. मोबाइलवाल्याला रविवारी गाळा बघायला बोलावतो."

बाईंचे कान शाबूत होते. त्या रडल्या. रागानंच रडल्या. मग डोळे पुसले आणि विचार करायला बसल्या. आयुष्यभर त्यांचा एकच नियम होता: वजन चुकलं तर आधी मालाला नाही, मापाला धरायचं.

शनिवारी सकाळी त्यांनी सोनाराचा दुरुस्तीला आलेला छोटा काटा ट्रंकेतून काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि डब्यासोबत सुनेचा रोजचा चमचा मागवला. सपाट चमचाभर पावडर पारड्यात ओतली. नऊ ग्रॅम. डब्यावर लिहिलं होतं: एक सपाट चमचा अठरा ग्रॅम, पेलाभर पाण्यात तीन चमचे.

"हा चमचा कुठला?"

"पहिल्या डब्यातला," सून म्हणाली. "लांब दांड्याचा आहे, हाताला पावडर लागत नाही. चमचा तो चमचाच ना, आई?"

बाईंनी डब्यात मनगटापर्यंत हात घातला. तळाशी पावडरीत नवा, दुप्पट मोठा चमचा पुरलेला होता. तीन आठवडे त्या अर्ध्या पोटावर होत्या, आणि घर म्हणत होतं म्हातारीच्या अंगी लागत नाही!

"बाजारात कुणी असं माप दिलं असतं ना, तर मी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं," त्या कडाडल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आवाज उतरला. "तुझी नियत खोटी नाही गं. माप खोटं आहे. माप बदल."

रविवारी मोबाइलवाला आला तेव्हा बाई दारात बसून पेय पीत होत्या. "आज गाळा बंद आहे," एवढंच म्हणाल्या. तो गेला.

पूर्ण मापानं साखर दोनशे दहावर गेली. मुलगा पुन्हा डबा उचलायला धावला. "डायबेटिसवाला डबा आहे ना? मग चढलीच कशी?"

बाईंनी डबा छातीशी धरला. "फोन लाव त्या पोरीला. माझ्यासमोर."

आहारतज्ज्ञ म्हणाली, "अहो, ते साखर उतरवायचं औषध नाही. ह्यातली साखर हळू चढते, पण चढते. हे खाणंच आहे, हिशेबात धरायचं. ह्याच्या जोडीला चहा-बिस्किटं घेतात का?"

घेत होत्या. बिस्किटं सुटली, डबा राहिला. रोजचे आकडे पाहून डॉक्टरांनी गोळीही जराशी वाढवली. साखर एकशे सत्तरच्या आसपास टेकली. आणि मग एक दिवस बाईंना चक्क भूक लागली! त्यांनी अंडं मागून घेतलं, दुसरंही मागितलं.

तपासणीच्या दिवशी वजन भरलं चव्वेचाळीस किलो सहाशे. डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. बाईंनी हात छातीवर दुमडले. पहिल्यांदा उठल्या, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी मांड्या लटलटू लागल्या, ओठ दाताखाली गेला. मुलगा झेपावला.

"हात लावलास तर याद राख!"

पाचव्यांदा त्या उठल्या आणि उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी कागदावर काही खरडलं. म्हणाले, "महिनाभर पेय चालू ठेवा, जेवण पूर्ववत झालं की सोडा. गाळ्यावर रोज दोन तास, बसून."

बाहेर बाकावर मुलगा आईशेजारी बसला. म्हणाला, "आई, मला भीती वाटत होती. बाबांसारखी तू पण..."

"भीती मलाही वाटते रे," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि मुलाला तो हात किती दिवसांनी घट्ट लागला. "पण तू मला जपत होतास ना, ते उपाशी ठेवून. मरायचं तेव्हा मरेनच. पण भरल्या पोटानं, माझ्या कामावर. ऊठ, गाडी काढ."

"घरी?"

"घरी संध्याकाळी."