केराची नळी आणि शेठचं स्वयंपाकघर

एकोणीसशे चाळीसच्या आसपासची गोष्ट. आमच्या शेठचं नंदुरबारला कापसाचं दुकान आणि मुंबईत सात मजल्यांची नवीकोरी इमारत. तिची देखरेख माझ्याकडे. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक झडप होती; ती उघडून केर टाकला की तो आतल्या नळीतून थेट तळाच्या कुंडीत. मी गावी जाऊन त्या नळीच्या इतक्या बढाया मारल्या की लोक मला टाळू लागले!

वर्षभरात नळीनं माझं नाक कापलं. झडपा उघडल्या की घाण भपकारा, झुरळं, वर उंदीर. शेठनी सगळा दोष झाडूवाल्या मावशीवर टाकला. ती आमच्याच नंदुरबारकडची, एकटी, जिन्याखालच्या खोलीत राहायची. सोमवारपर्यंत खोली रिकामी कर, असा हुकूम सुटला.

"कुंडी मी रोज उपसस, भाऊ," ती म्हणाली. "वास वरथून येस."

मी शेतकऱ्याचा पोरगा. आमच्या धानोऱ्याला पाट तुंबला की वरून जोरात पाणी सोडतात. मी कुणालाही न विचारता गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळीत सोडलं आणि धावत खाली आलो. मावशी रिकाम्या कुंडीपाशी उभी. थेंब नाही!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून शेठ ओरडले, "अरे, आठे नदी यी ऱ्हायनी!"

मी तीन-तीन पायऱ्या चढत गेलो. त्यांच्या झडपेतून काळं पाणी, भाताची शितं, कुजक्या साली स्वयंपाकघरात कोसळत होत्या. शेठाणी पाटावर चढून मला शिव्या देत होत्या आणि मला मात्र नाचावंसं वाटत होतं: मावशी खरं बोलत होती, नळी वरच तुंबली होती. नळी उघडून पाहिली, तर तुळई चुकवायला ती दुसऱ्या मजल्यावर वाकवली होती. तिथंच कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळी अडकल्या होत्या आणि त्यांच्यावर महिनोन्महिने ओला केर साचत होता. खालून कुंडी कितीही घासा, काय उपयोग? शेठनी कपाळाला हात लावला. मावशीची खोली वाचली.

मग मला जोरच चढला. नळी साफ करवली, झडपा गवंड्याकडून बुजवल्या. प्रत्येक मजल्यावर झाकणाचे दोन डबे, एक ओल्या केराचा, एक सुक्याचा. रोज सकाळी खाली न्यायचे, धुऊन परत ठेवायचे. पण सात मजले भरले डबे घेऊन जिना कोण उतरणार? मावशीचे गुडघे गेलेले. इमारतीत लिफ्ट होती, पण फक्त भाडेकरूंसाठी; मी ती मावशीसाठी मागितली. भाडेकरू खवळले. आठवडाभर भांडून मी शेठकडून सकाळचा एक तास मिळवला. अट एकच, मावशी उतरली की लिफ्ट धुवायची.

पहिल्या सकाळी मी ऐटीत लिफ्टचं दार उघडलं आणि अटही सांगून टाकली. मावशी आत शिरलीच नाही.

"डबासले झाकन शे ना, भाऊ," ती म्हणाली. "मंग धुवानं काय? माले?"

माझी मान खाली गेली. ती अट केरासाठी नव्हतीच, तिच्या स्पर्शासाठी होती, हे इतक्या भांडणात मला एकदाही सुचलं नव्हतं. लिफ्ट धुवायला आणलेली बादली मी तिथंच पालथी केली आणि तिच्याबरोबर लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेलो.