जयश्री मॅडमची चावी

जयश्री पाटील घाबरट होती, यात तिच्या सासूबाईंपासून कॉलेजच्या शिपायापर्यंत कुणालाच शंका नव्हती. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. फोनवर अनोळखी नंबर दिसला की आधी देवाचं नाव घ्यायची, मग उचलायची. अशी बाई पूर्वी अतिदक्षता विभागात नर्स होती, हे ऐकून लोक हसत. पण वॉर्डात तिला कधी भीती वाटली नाही. तिथं सगळ्यावर खुणा होत्या. लाल पट्टी लावलेली कुपी दिसली की हात थांबवायचा, दुसऱ्या नर्सला बोलवायचं, दोघींनी बघायचं. विचार करत बसायचं नाही, खूण बघायची. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की पाठदुखीमुळे वॉर्ड सोडून ती गुजरातेत डिंडोलीजवळच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा ती सवयही बरोबर घेऊन आली.

कॉलेजात नीतिशास्त्र कुणालाच नको होतं. नव्या बाईच्या गळ्यात पडलं. परीक्षेत चार-पाच ओळींचे प्रसंग येत आणि खाली पर्याय: ही नर्स कर्तव्यवादी विचार करते, परिणामवादी करते की सद्गुणवादी? पुस्तकात तिन्हींची भलीमोठी प्रकरणं होती. मुली वर्गात गुजराती-हिंदीतून भराभर प्रश्न विचारायच्या, आणि जयश्री पुस्तकात तोंड घालायची. मग तिनं वॉर्डातल्यासारख्या खुणाच लावून टाकल्या. ‘नियम’, ‘वचन’, ‘हक्क’ दिसलं की कर्तव्य. ‘फायदा’, ‘नुकसान’, ‘जास्तीत जास्त लोक’ दिसलं की परिणाम. ‘दयाळू’, ‘प्रामाणिक’, ‘धीराची’ असं काही दिसलं की सद्गुण. झालं! मुलींनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजचे प्राचार्य पंडितसर तिच्यासारखेच खानदेशातले, हिशेबी गडी. निकाल चांगला लागला तसा त्यांनी फाटकावर फलकच लावला, ‘जयश्री मॅडमची चावी, नीतिशास्त्रात खात्रीचं यश’. त्या फलकाखालून जाताना जयश्री मान खाली घालायची. खरं सांगायचं तर आतून सुखावायचीही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मयुरी तिच्याकडे आली. मयुरी कोसाडच्या वसाहतीत राहायची. बाप मारुती लूमवर कापड विणायचा, आई सखुबाई घरी साड्यांवर खडे चिकटवायची, मूळ गाव नांदेडकडचं. पोरगी हाताची हुशार, सलाईन अशी लावायची की रुग्णाला कळायचं नाही. पण या पेपरात आधी नापास झालेली आणि ही तिची शेवटची संधी. आता गेली तर नाव कॉलेजातून कमी होणार होतं.

“मॅडम, हे पहा ना. जुना पेपर आहे, उत्तरं मागं छापलीत. माझं चुकतंय का बरं?”

प्रसंग असा होता: वॉर्डाचा नियम आहे की रात्री नातेवाइकांना आत सोडायचं नाही. नर्स नियम पाळते. ती म्हणते, गर्दी कमी राहिली की संसर्ग कमी पसरतो, जास्त रुग्ण बरे होऊन घरी जातात, म्हणून मी हा नियम पाळते. मयुरीनं चावीप्रमाणे ‘कर्तव्यवादी’वर खूण केली होती. मागं छापलेलं उत्तर ‘परिणामवादी’ होतं.

जयश्रीनं ते दोनदा पाहिलं. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं, काय चुकलंय ते कळेना. वर्गात बाकीच्या मुली कान टवकारून बसलेल्या.

“छपाईची चूक असेल,” ती म्हणाली.

“मला वाटलंच,” मयुरी सुटल्यासारखी हसली. “मॅडम म्हणतात म्हणजे झालं.”

त्या हसण्यानं जयश्रीचा जीव अर्धा झाला.

घरी येऊन ती भाकरी थापायला बसली, पण लक्ष कुठलं लागायला! तिच्या सासूबाई सरलाबाई रोज संध्याकाळी तव्यावरची पहिली भाकरी खालच्या मजल्यावरच्या शोभाबाईंना पाठवत. शोभाबाई एकट्या, गुडघ्यांनी घरातच अडकलेल्या. पाठवायची म्हणजे पाठवायची, घरात कुणी जेवो न जेवो.

“तोंड काबर उतरेल शे तुनं?” सरलाबाईंनी विचारलं.

उलट जयश्रीनंच विचारलं, “आई, तुम्ही शोभाबाईंना रोज भाकरी का देता?”

“हाई काय इचारनं व्हयनं? मी तिले सबद दिधा शे. मंग देनाच पडी ना.”

जयश्रीचा नवरा गजेंद्र हजीऱ्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता, बूट काढत होता. तो म्हणाला, “शब्दबिब्द राहू दे. तिच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की चक्कर येते. पडली तर हाड मोडेल, म्हणून द्यायची.”

“तुना बाप राहता ते इचारताच ना बस्ता,” सरलाबाई लेकावर करवादल्या. “शेजारी उपाशी ऱ्हायना तं त्याले घास उतरे नही. तसा मानूस व्हता तो.”

जयश्रीचा हात परातीतच थांबला. भाकरी एकच. देणारं घर एकच. आईंना स्वतः दिलेल्या शब्दाचं बंधन, गजेंद्रला पुढं काय होईल याची काळजी, आणि सासरे तर माणूसच तसे. भाकरीकडं कितीही बघितलं तरी कोण कुठल्या विचाराचं हे कळणार नव्हतं. ती का दिली, हे विचारावं लागलं होतं.

तिची चावी भाकरी बघत होती. ‘नियम’ शब्द दिसला की कर्तव्य, असं नव्हतंच. ती नर्स नियम पाळत होती, पण संसर्ग कमी व्हावा म्हणून. तिचं कारण सगळं परिणामाचं. जयश्रीला दुसरा एक प्रसंग आठवला. रुग्ण विचारतो मला काय झालंय, आणि नर्सला माहीत असतं की ऐकून तो खचेल, तरी ती सांगते, कारण जाणून घ्यायचा त्याचा हक्क आहे. त्यात ‘खचेल’, ‘नुकसान’ असे शब्द होते. परिणाम वाईट दिसत असूनही सांगितलं, म्हणजे ते कर्तव्य. मुली मात्र ‘नुकसान’ बघून परिणामावर खूण करणार. आणि ‘प्रामाणिक नर्सनं चूक कळवली, कारण लपवली तर पुढच्या रुग्णाला धोका’ असं आलं, तर ‘प्रामाणिक’ शब्दाला भुलून सद्गुण लिहिणार. साऱ्या वर्गाला तिनं शब्द हेरायला शिकवलं होतं, कारण वाचायला नाही. इतकी वर्षं सोप्या प्रश्नांनी तिला सांभाळून घेतलं होतं.

ती इतकी घाबरली की तवा जळू लागल्याचं सरलाबाईंनाच सांगावं लागलं.

तिनं पंडितसरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“जयश्रीबेन, उद्या पेपर आहे. आता मुलींना चावी चुकीची आहे म्हणालात तर त्या गोंधळतील. येत असलेलंही विसरतील. त्यांच्या भल्यासाठी गप्प बसा.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि फलक माझ्या फाटकावर आहे. तुमच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर अजून माझी सही व्हायची आहे, एवढं लक्षात ठेवा.”

मुलींच्या भल्यासाठी. जयश्रीनं हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. किती छान परिणामवादी वाक्य होतं! तिलाही ते हवंहवंसं वाटलं, तिनं ते धरूनही ठेवलं. पण आता तिला कारण वाचायची खोड लागली होती. आपण गप्प बसू ते मुली गोंधळतील म्हणून? नाही. नोकरी जाईल म्हणून. वर्गात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही भीती काडीची कमी झाली नाही.

सकाळी ती रिक्षातून परीक्षा केंद्रावर पोचली. फाटकाबाहेर मुली घोळक्यानं उभ्या, ओठ हलवत तिचीच चावी घोकत होत्या. ‘नियम कर्तव्य, फायदा परिणाम.’ रस्त्यापलीकडे पंडितसरांची गाडी लागलेली होती. काच खाली होती.

परत फिरावं, तब्येत बिघडली म्हणावं, असं जयश्रीला वाटून गेलं. तेवढ्यात मयुरीनं वाकून तिच्या पायांना हात लावला.

“मॅडम, तुमच्या चावीच्या भरवशावरच बसतेय मी.”

“नको बसूस!” जयश्री जवळजवळ ओरडली. सगळ्या वळल्या. “माझी चावी चुकीची आहे. कालची छपाईची चूक नव्हती, चूक माझी होती. ऐका सगळ्या. नर्सनं काय केलं ते बघू नका. शब्द हेरू नका. तिनं का केलं, ते ती काय सांगते, तेवढंच वाचा. परिणाम काहीही होवो, हे करणं भागच आहे, असं म्हणते का? पुढं काय होईल ते तोलते? की चांगल्या माणसानं, चांगल्या नर्सनं असंच वागावं, मला तसं व्हायचंय, असं म्हणते? नियम पाळणारीही परिणामवादी असू शकते.”

एकीनं रडवेल्या आवाजात विचारलं, “मॅडम, आता सांगताय?” दुसरी गुजरातीत काहीतरी कडू बोलली. मयुरी पांढरीफटक पडली होती. ती नुसती बघत राहिली. घंटा झाली आणि सगळ्या आत गेल्या.

पेपर संपेपर्यंत जयश्री झाडाखालच्या कट्ट्यावर बसून होती. फोन वाजत होता, पंडितसरांचा. तिनं उचलला नाही. आपण त्या पोरीची शेवटची संधीही गोंधळात घालवली की काय, हा एकच विचार तिला कुरतडत होता. पंडितसरांचंच खरं ठरलं तर?

मुली बाहेर आल्या. कुणी तिच्याकडे बघितलं, कुणी मान फिरवली. मयुरी शेवटी आली, आणि येऊन शेजारी बसली.

“कसा गेला गं?” जयश्रीनं विचारलं.

“पहिले दोन चावीनं केले होते. मग खोडले. पुन्हा वाचले सगळे.” मयुरीनं घाम पुसला. “एक असा होता बघा, मॅडम. नर्सच्या हातनं चुकीचा डोस जातो. रुग्णाला काही होत नाही, कुणाला कळणारही नाही. चूक सांगायलाच हवी असा नियमही कुणी दाखवत नाही. तरी ती डॉक्टरांना जाऊन सांगते. म्हणते, चूक लपवणारी बाई मला व्हायचं नाही.”

“काय लिहिलंस?”

“सद्गुण. बरोबर ना?”

“बरोबर.” रस्त्यापलीकडे गाडीचं दार उघडलं होतं. पंडितसर उतरून त्यांच्याच दिशेनं येत होते. जयश्रीनं मयुरीचा हात घट्ट धरला. “आणि गं, मग पुढं तिचं काय झालं? त्या नर्सचं?”

मयुरीनं जरा आठवून पाहिलं.

“ते प्रश्नात नव्हतं, मॅडम.”